उडत्या पक्ष्याची बाह्यरेषा : फोटोतील घार, गिधाड आणि गरुड

आकाशात उंच घिरट्या घालणाऱ्या शिकारी पक्ष्याच्या फोटोत रंगावर फारसा भरवसा ठेवता येत नाही. मागे लख्ख आकाश असते. कॅमेरा त्या उजेडाला धरून एक्स्पोजर ठरवतो आणि पक्षी काळवंडतो. तपकिरी, राखाडी, काळा हे सगळे एकच होऊन बसतात. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात उलटा प्रकार घडतो: पंखाखालचा मळकट पांढरा भाग सोनेरी दिसू लागतो. आकारमानाचीही तीच गत. घारीच्या पसरलेल्या पंखांची रुंदी साधारण दीड मीटर, तर लांब चोचीच्या गिधाडाची दोन मीटरांहून जास्त. पण रिकाम्या निळ्या पार्श्वभूमीवर जवळची घार आणि लांबचे गिधाड फ्रेममध्ये सारखीच जागा व्यापतात. फोटोत खात्रीने उरते ती पक्ष्याची बाह्यरेषा. पंखाची कड कशी वळते, शेपटीचे टोक कसे संपते आणि डोके पंखांच्या पुढे किती येते, या तीन गोष्टी एकत्र पाहिल्या तर पक्षी कोणत्या गटातला हे बहुतेक वेळा सांगता येते. जात ठरवताना रंग उपयोगी पडतो, पण त्याचा नंबर नंतरचा.

सुरुवात पंखापासून करावी, कारण फोटोतला सर्वांत मोठा भाग तोच. पक्ष्याच्या पंखाला मनगट असते. पसरलेल्या पंखाच्या पुढच्या कडेवर जो कोपरा दिसतो, तेच हे मनगट. मनगटापासून शरीरापर्यंतचा भाग म्हणजे बाहू आणि मनगटाच्या बाहेरचा भाग म्हणजे हात. हाताला दहा मोठी उड्डाणपिसे असतात. त्यांतली बाहेरची काही टोकाकडे एकदम निमुळती होतात, त्यामुळे पंख पूर्ण पसरला की त्यांच्यात फटी पडतात आणि ती सुटी बोटे असल्यासारखी दिसतात. पक्षीनिरीक्षक त्यांना ‘बोटे’च म्हणतात.

घारीचा पंख लांब, पण त्या मानाने अरुंद. मनगटात तो स्पष्ट वाकलेला असतो आणि हात किंचित मागे झुकतो, म्हणून पुढची कड सरळ न दिसता मोडलेली दिसते. सुटी बोटे सहसा सहा. गिधाडाच्या पंखात बाहूचा भाग फार मोठा असतो. हा पक्षी पंख न हलवता गरम हवेच्या झोतावर तासन्‌तास तरंगतो आणि त्यासाठी लागणारे क्षेत्रफळ त्याला बाहूवरच्या पिसांच्या लांबलचक रांगेतून मिळते. परिणामी गिधाडाचा पंख लांबही असतो आणि रुंदही. मागची कड बाहूच्या मध्यावर फुगते आणि शरीराजवळ पुन्हा आत येते. टोकाला सात खोल बोटे दिसतात. असा फुगलेला बाहू, सात बोटे आणि जवळजवळ नसल्यासारखी शेपटी हे एकत्र दिसले, तर तो फोटो घारीचा असण्याची शक्यता उरत नाही.

गरुडांच्या बाबतीत मात्र एकच साचा चालत नाही. माळरानावरच्या पिंगट गरुडाच्या पंखाच्या पुढच्या आणि मागच्या कडा जवळजवळ समांतर जातात, टोक चौकोनी भासते आणि बोटे सात. जंगलातल्या तुरेवाल्या सर्पगरुडाचा पंख आखूड, रुंद आणि गोलसर असतो, आणि तो घिरट्या घालताना पंख वर उचलून धरतो. हिवाळ्यात महाराष्ट्रात येणारा बूटेड गरुड आकाराने घारीपेक्षाही थोडा लहान असतो आणि त्याची बोटेही घारीसारखी सहाच. गरुड म्हटला की तो अवाढव्य असणार हा समज इथेच मोडतो, आणि फोटो ओळखण्यातल्या बऱ्याच चुका या एका समजातून होतात.

एकाच फोटोतल्या पंखावरून निकाल देणे धोक्याचे असते, कारण पंखाचा आकार स्थिर नसतो. वर चढताना पक्षी पंख पूर्ण ताणतो, तेव्हा बोटे आणि कडा नीट दिसतात. एका झोतातून निघून दुसऱ्याकडे वेगाने घसरताना तोच पक्षी मनगट मोडतो, हात मागे घेतो आणि बोटे मिटतो. या स्थितीतले गिधाडही टोकदार पंखांचे दिसते. पिसे गळण्याच्या काळात आणखी एक घोटाळा होतो. मधले एखादे उड्डाणपीस गळलेले असेल, तर त्या जागी खाच पडते आणि बोटांची संख्या चुकीची मोजली जाते. दोन्ही पंखांवर साधारण त्याच जागी खाच असेल, तर ती पीस गळाल्याची. एकाच पंखावर असेल, तर पीस मोडलेले असू शकते. म्हणून बोटे मोजायची ती दोन्ही पंखांवर, आणि शक्यतो एकापेक्षा जास्त फ्रेममध्ये.

शेपटीबाबत सर्वपरिचित खूण आहे ती घारीच्या शेपटीच्या खाचेची. ही खूण खरी आहे, पण ती कशी काम करते हे समजून घेतले नाही तर फसवते. घारीच्या शेपटीची कडेची पिसे सर्वांत लांब आणि मधली आखूड असतात. शेपटी मिटलेली असताना त्यामुळे टोकाला उथळ खाच दिसते. वळण घेताना किंवा जागच्या जागी तरंगताना घार शेपटी पंख्यासारखी उघडते. तेव्हा कडेची पिसे बाहेर सरकतात, खाच भरून निघते आणि टोक जवळजवळ सरळ होते. अशा वेळी शेपटीचा त्रिकोण दिसतो. खाच नसली तरी त्रिकोणाचे दोन्ही कोपरे टोकदार राहतात आणि तेच पाहायचे असते. घार शेपटी सुकाणूसारखी पिळतही असते. त्यामुळे खालून घेतलेल्या फोटोत एक कोपरा वर, एक खाली असा तिरपा आकार मिळतो. ही पीळ घारीच्या फोटोंत वारंवार दिसते.

सगळ्या घारींना खाच असते असेही नाही. कोकणातल्या खाड्यांवर आणि बंदरांवर दिसणाऱ्या ब्राह्मणी घारीची शेपटी गोलसर असते. पूर्ण वाढलेली ब्राह्मणी घार पांढरे डोके आणि विटकरी अंग यांमुळे चुकत नाही, पण तिचे पिल्लू तपकिरी असते आणि नेहमीच्या घारीत सहज मिसळून जाते. तिथे गोल शेपटीच कामाला येते. शेतावर एका जागी पंख फडफडवत थांबणारी छोटी कापशी घार तर आणखी वेगळी: शेपटी आखूड, फिकट आणि टोकाला जवळजवळ सरळ. म्हणजे खाच आहे म्हणून घार, हे बहुधा बरोबर ठरते. खाच नाही म्हणून घार नाही, हे चूक.

गिधाडांत पांढऱ्या पुठ्ठ्याच्या आणि लांब चोचीच्या गिधाडाची शेपटी इतकी आखूड असते की पंखांच्या मागे ती लहानशी चकती चिकटवल्यासारखी वाटते. गरुडांची शेपटी मध्यम लांबीची, टोकाला गोलसर किंवा सरळ. इथे फोटोवर प्रत्यक्ष मोजून पाहण्याची एक सोपी पद्धत आहे. पक्षी थेट डोक्यावर असतानाची फ्रेम घ्यावी आणि शेपटीची लांबी शरीराजवळच्या पंखाच्या रुंदीशी ताडून पाहावी. घारीची शेपटी पंखाच्या रुंदीइतकी किंवा जास्त भरते. माळरानावरच्या मोठ्या गरुडांत ती रुंदीपेक्षा थोडी कमी किंवा जवळपास तितकी असते. मोठ्या गिधाडात ती रुंदीच्या साधारण निम्मीच येते. पक्षी तिरपा असेल तर हे मोजमाप करू नये, कारण दूर गेलेली शेपटी आपोआप आखूड दिसते.

डोक्याच्या बाबतीत पाहायचे ते त्याचे पुढे येणे. गिधाडाचे डोके आणि मान यांवर पिसे जवळजवळ नसतात. उडताना ते मान आखडून गळ्याभोवतीच्या पिसांच्या कॉलरमध्ये ओढून घेते, त्यामुळे एवढ्या मोठ्या पंखांपुढे डोके एखाद्या लहानशा उंचवट्याइतकेच दिसते. गरुडाचे डोके आणि मान चांगली पुढे आलेली असतात. शेपटीच्या लांबीच्या निम्मा किंवा त्याहून अधिक भाग पुढे दिसला, तर गरुडाकडे कल ठेवायला हरकत नाही. चोच जड असल्याने डोक्याचा पुढचा भागही बोथट वाटत नाही. सापमार गरुडाचे डोके तर इतके मोठे आणि गोल असते की फिकट अंगाच्या या पक्ष्याची ओळख कित्येकदा डोक्यावरूनच पटते. घारीचे डोके लहान आणि आखूड. त्यामागची लांब शेपटी पाहिली की पक्ष्याचा तोल मागच्या बाजूला असल्याचा भास होतो.

या तिन्ही खुणा एकत्र लावण्याचा खरा कस लागतो तो काळ्या-पांढऱ्या पक्ष्यापुढे. समजा, पक्षी खालून टिपला आहे. अंग पांढरे, पंखाचा पुढचा अर्धा भाग पांढरा आणि मागची सगळी उड्डाणपिसे काळी. महाराष्ट्रात हे रूप निदान तीन वेगवेगळ्या पक्ष्यांचे असू शकते: पांढरे गिधाड, म्हणजेच इजिप्शियन गिधाड, बूटेड गरुडाचे फिकट रूप, आणि किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड. तिघांतही रंगांची मांडणी इतकी सारखी आहे की रंगावर विसंबणारा माणूस इथे हटकून अडतो.

पहिला प्रश्न शेपटीला विचारायचा. तिचे टोक सरळ आणि कोपरे टोकदार असतील, तर तो बूटेड गरुड. शेपटी पाचरीसारखी, म्हणजे मधली पिसे सर्वांत लांब आणि दोन्ही कडा मध्याकडे उतरत गेलेल्या, अशी असेल तर बूटेड गरुड बाद होतो. उरतात पांढरे गिधाड आणि समुद्रगरुड, कारण पाचरीसारखी शेपटी दोघांनाही आहे. गिधाडे आखूड गोल शेपटीची हा नियम पांढऱ्या गिधाडाला लागू नाही, हे इथे लक्षात ठेवावे लागते.

आता डोके. पांढऱ्या गिधाडाचे डोके लहान, निमुळते आणि चेहरा पिवळा असतो. चोच बारीक आणि लांबट. समुद्रगरुडाचे डोके पांढरे, भरीव आणि चांगले पुढे आलेले असते, चोच जाड. फोटो फार लांबून घेतला असेल आणि चेहऱ्याचा रंग दिसत नसेल, तर शेपटीकडे परत जावे: पांढऱ्या गिधाडाची शेपटी पूर्ण पांढरी, तर समुद्रगरुडाच्या शेपटीचे मूळ काळे आणि टोक पांढरे. शेवटी पंख. समोरून किंवा मागून घेतलेली एखादी फ्रेम असेल तर ती इथे सोन्याची ठरते, कारण समुद्रगरुड तरंगताना दोन्ही पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे ठळक वर उचलतो, तर पांढरे गिधाड ते जवळजवळ सपाट धरते. पसरलेल्या पंखांच्या रुंदीतही समुद्रगरुड मोठा, साधारण दोन मीटरच्या घरात. पांढरे गिधाड त्याहून लहान, दीड मीटरच्या थोडे पुढे. दोघे एका फ्रेममध्ये असल्याशिवाय हा फरक वापरता येत नाही, पण शेजारून एखादा कावळा किंवा घार उडत असेल तर तुलना शक्य होते. फोटो देवगडच्या किनाऱ्यावरचा की नगरच्या माळावरचा, यानेही पारडे बरेच झुकते. समुद्रगरुड किनारा आणि खाड्या सोडून फारसा आत येत नाही.

याच बूटेड गरुडाचे एक गडद तपकिरी रूपही असते आणि ते घारीत हरवते. दोघांना सहा बोटे, दोघांच्या अंगाचा रंग तपकिरी, आणि घारीने शेपटी उघडली की तिचे टोकही गरुडासारखे सरळ. अशा वेळी एकच फ्रेम हाती असेल तर थांबावे. पुढच्या-मागच्या फ्रेममध्ये शेपटी मिटलेली सापडली आणि खाच दिसली, तर प्रश्न मिटला. ती नसेल तर पंखाखालचे फिकट डाग पाहावेत. घारीचा फिकट डाग हाताच्या बाहेरच्या पिसांच्या मुळाशी, म्हणजे बोटांच्या लगेच आत असतो. बूटेड गरुडाचा फिकटपणा हाताच्या आतल्या पिसांवर, मनगटामागे पडतो. शिवाय बूटेड गरुड समोरून दिसला, तर मानेच्या दोन्ही बाजूंना, जिथे पंख शरीराला मिळतो तिथे, दोन ठिपके पांढरे चमकतात. घारीला ते नसतात. तारीख हीसुद्धा पुरावाच. बूटेड गरुड हिवाळी पाहुणा असल्यामुळे जूनमध्ये पुण्याच्या आकाशात टिपलेल्या अशा पक्ष्याला तो म्हणण्याआधी घारीची शक्यता पुरती तपासायला हवी.

काही पक्षी या तीन गटांत बसतच नाहीत, तरी त्यांची गल्लत गरुडाशी होते. मधुबाज त्यांतला मुख्य. त्याचे पंख रुंद, शेपटी लांब आणि तीवर ठळक पट्टे, आणि डोके लहान, निमुळते, लांबट मानेवर कबुतरासारखे. पोटाखालची नक्षी प्रत्येक पक्ष्यात इतकी बदलते की गरुडांच्या जवळजवळ प्रत्येक जातीशी एखादा मधुबाज जुळतो. इथे डोक्याचा आकार निर्णायक मानावा.

बाह्यरेषा वाचायची तर ती फोटोत शिल्लक राहायला हवी, आणि ती बिघडवणाऱ्या गोष्टी बहुधा कॅमेऱ्यातल्याच असतात. उजळ आकाशासमोर एक्स्पोजर एक स्टॉप किंवा थोडे जास्त वाढवले की पंखाखालचा तपशील वाचतो. घेतलेला फोटो काळा आला असेल तर सावल्या उजळून पाहाव्यात. रॉ फाइलमध्ये आश्चर्य वाटावे इतके काही सापडते. मोबाइलच्या डिजिटल झूमने घेतलेल्या फोटोत मात्र जपावे. त्यातले सॉफ्टवेअर कडा गुळगुळीत करते, बोटांमधल्या फटी बुजवते आणि उथळ खाच सरळ करून टाकते. अशा फोटोत ‘चार बोटे’ मोजली गेली तर दोष पक्ष्याचा नसतो. बर्स्ट चालू ठेवून पक्ष्याचे एक पूर्ण वर्तुळ टिपले, तर खालून, बाजूने आणि समोरून अशा तिन्ही दिशा मिळतात. यांतली समोरची फ्रेम दिसायला कंटाळवाणी म्हणून अनेकजण आधी पुसून टाकतात, आणि पंख कसे धरले होते हे सांगणारी तीच एक असते.

बाह्यरेषेच्या मर्यादाही आहेत. मोठ्या तपकिरी गरुडांत ती गटापर्यंत नेते, पुढे नाही. पिंगट गरुड आणि हिवाळी स्थलांतर करून येणारा स्टेप गरुड उडताना जवळपास एकसारखे दिसतात. स्टेप गरुडाच्या पिल्लाच्या पंखाखाली मध्यावर लांब पांढरा पट्टा असतो, तो दिसला तर उत्तम. मोठ्या पक्ष्यात तो राहत नाही. चेहऱ्याचा जवळचा फोटो मिळाला, तर तोंडाच्या कडेची पिवळी रेघ पाहतात: स्टेप गरुडात ती डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जाते, पिंगट गरुडात साधारण डोळ्याच्या मध्याशी थांबते. उडत्या पक्ष्याच्या फोटोत इतकी स्पष्टता क्वचितच मिळते.

गिधाडांतही आकारानंतर पुन्हा रंगाकडेच यावे लागते. पांढऱ्या पुठ्ठ्याचे मोठे गिधाड खालून पाहिले तर अंग काळपट आणि पंखाचा पुढचा भाग पांढरा, असा ठसठशीत विरोध दिसतो. लांब चोचीच्या गिधाडाचे अंग आणि पंखाचा पुढचा भाग दोन्ही फिकट तपकिरी, उड्डाणपिसे तेवढी गडद. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडाच्या पिल्लाला मात्र ना पंखाखालचा तो रुंद पांढरा भाग असतो, ना पाठीवरचा पांढरा पुठ्ठा. जागेचा आधार थोडा मिळतो: लांब चोचीचे गिधाड कड्यांवर घरटी करते, म्हणून नाशिककडच्या उभ्या कातळांजवळ ते अपेक्षित असते, पांढऱ्या पुठ्ठ्याचे झाडांवर घरटी करते आणि रायगडात त्याची वस्ती माहीत आहे. पण दोन्ही जाती अन्नाच्या शोधात घरट्यापासून फार लांब जातात, तेव्हा जागेवरून जात ठरवणे बरे नव्हे. फुगलेला बाहू, आखूड शेपटी आणि आत ओढलेले डोके स्पष्ट असेल, पण पंखाखालचे रंग काळोखात गेले असतील, तर अशा फोटोची नोंद ‘जिप्स वंशातील गिधाड, जात अनिश्चित’ अशी ठिकाण आणि तारखेसह केली जाते.